डिस्पेन्सरच्या पाण्याला वास, आत बुळबुळ: टाकी नेमकी साफ कशी करायची?

अभ्यासिकावाला
नमस्कार मंडळी. इंदुरात भंवरकुआंजवळ माझी लहानशी अभ्यासिका आहे. पीएससी-बँकेची तयारी करणारी पोरं सकाळी दार उघडल्यापासून रात्री कुलूप लागेपर्यंत बसून असतात. त्यांच्यासाठी गरम, थंड आणि साधं असे तीन नळ असलेला डिस्पेन्सर ठेवलाय. वर वीस लिटरचा जार उलटा बसतो, तो.

होळीनंतर थंड पाण्याला वास यायला लागला. सडका नाही, पण ओलं फडकं घडी करून ठेवल्यावर येतो तसा. परवा एका मुलीच्या पेल्यात पांढुरका, बुळबुळीत तंतू तरंगताना दिसला. तिने काही न बोलता पेला माझ्या टेबलावर आणून ठेवला. त्यापेक्षा चार शब्द ऐकवले असते तर परवडलं असतं.

मेकॅनिक 'सर्व्हिस' करून गेला होता. वरून कसलंसं द्रावण ओतलं, तिन्ही नळ सोडले, पैसे घेतले. थोडे दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. जारवाला म्हणतो, "भिया, अपना पानी तो आरओ का है, मशीन गंदी होगी." मेकॅनिक म्हणतो पाणीच खराब आहे.

तर प्रश्न दोन. टाकी मुळापासून साफ कशी करायची? आणि दोष नक्की कुणाचा?

देवासनाका
कूलरला वास येणं अगदी सोपं आहे हो. जाळीतली खस जुनी झाली की येतो. खस बदला, टाकीत मूठभर कडुलिंबाचा पाला टाका आणि एक झाकण फिनेल. माझ्याकडे गेल्या उन्हाळ्यात असंच झालं होतं, आता हवा एकदम मस्त येते.

सराफ्यातला उंदीर
@देवासनाका, साहेब, ते हवेच्या कूलरबद्दल नाही, पिण्याच्या पाण्याबद्दल विचारतायत. पोरांना फिनेल पाजलं तर पीएससीचा निकाल इंदूरच्या एम.वाय. हॉस्पिटलात लागेल.

देवासनाका
अर्रर्र. इंदुरात मे महिन्यात कुणी 'कूलर' म्हणालं की आम्हाला एकच आठवतो. फिनेल परत घेतो, पाला राहू द्या.

मृण्मयी
पालाही नको! टाकीत पाला टाकणं म्हणजे त्या बुळबुळीला खाऊ घालणं.

शिकंजी
मी आमच्या ऑफिसातल्या डिस्पेन्सरला व्हिनेगर वापरते. अर्धं व्हिनेगर, अर्धं गरम पाणी टाकीत ओतायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी नळातून सोडून द्यायचं. लख्ख होते. ब्लीच वगैरे पिण्याच्या वस्तूला लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे, ते विष आहे. व्हिनेगर खाण्याचंच असतं, थोडं राहिलं तरी भीती नाही.

कॉम्प्रेसर काका
इंदुरातली शाळा-कचेऱ्यांतली पाण्याची मशीनं उघडण्यात हयात गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

शिकंजीताई, व्हिनेगरने पांढरा क्षार सुटतो, ते बरोबर. टाकी लख्ख दिसते ती त्यामुळे. पण अभ्यासिकावाले सांगतायत ती क्षाराची तक्रार नाही. बुळबुळ म्हणजे जंतूंनी स्वतःभोवती तयार केलेला चिकट थर. पातळ व्हिनेगर तो धड सोडवतही नाही आणि आतले जंतू खात्रीने मारतही नाही.

आता तुमचा मेकॅनिक. त्याने ओतलेलं द्रावण चांगलंही असेल. पण क्लोरीन त्या चिकट थराच्या वरच्या भागावरच खर्च होतं, आतलं बरंचसं जिवंत राहतं. वरचं मेलं म्हणून थोडे दिवस वास गेला. खालचं वाढलं, वास परत आला. म्हणून क्रम असा, की आधी हाताने घासून थर काढायचा आणि मग निर्जंतुक करायचं. नुसतं ओतून सोडून दिलं की पैसे वाया.

पण घासायला बसण्याआधी एक करा. दोष कुणाचा ते पेल्यांवरून कळेल. चार स्वच्छ स्टीलचे पेले घ्या. एकात थेट नव्या जारमधलं पाणी, मशीनला न लावता. बाकीच्या तिनांत साधं, थंड आणि गरम. चारही झाकून ठेवा आणि खोलीच्या तापमानाला आले की मग हुंगा. थंडगार पाण्याचा वास नाकाला नीट लागत नाही, म्हणून फसगत होते. काय निघालं ते इथे लिहा.

खडूस
काकांनी बरोबर सांगितलं, पण चार पेले कोण हुंगणार? ज्याला जारवाल्याचा राग आहे त्याला पहिल्याच पेल्यात वास येणार. पेल्यांच्या बुडाला आकडे लिहा, जागा बदला आणि ज्याला काही माहीत नाही अशाला हुंगायला द्या.

अभ्यासिकावाला
केलं. आकडे लिहून दोन मुलांना बसवलं. थेट जारच्या पाण्याला दोघांनाही काही वास आला नाही. गरम निवल्यावर ठीक. साध्याला किंचित. थंड पाणी निवळ गार असताना काही कळत नव्हतं, पण कोमट झाल्यावर दोघांनी एकदम नाक मुरडलं.

सराफ्यातला उंदीर
निबंधाला विषय मिळाला: 'चार पेले आणि मध्य प्रदेश लोकसेवा आयोग'.

कॉम्प्रेसर काका
मग जार तूर्त सुटला. घाण थंड टाकीत आणि थोडी साध्या नळाच्या वाटेवर आहे.

तुमच्या पद्धतीच्या बहुतेक मशीनमध्ये आत स्टीलची एक छोटी टाकी असते, तीन-चार लिटरची. तिच्या मध्ये प्लास्टिकची एक चकती बसवलेली असते. चकतीच्या वरचं पाणी साध्या नळाला जातं, खालचं गार होऊन थंड नळाला. गरम टाकी वेगळी, लिटरभराची, आणि तिला पाणी याच टाकीतून एका नळीने उतरतं. सगळी गंमत त्या चकतीच्या खालच्या बाजूला असते. वरून डोकावलं तर वरची बाजू स्वच्छ दिसते. माणूस खूश होतो आणि झाकण लावतो. शंभरातल्या किती मेकॅनिकनी ती चकती उचलली असेल, मला शंका आहे.

आता कृती.

मशीनचा प्लग काढा. नुसतं बटण बंद करू नका, प्लगच काढा, आणि तासभर थांबा. टाकीच्या भिंतीला बर्फ धरलेला असतो तो वितळू दे. सुरी-चमचा घालून खरवडू नका. तेवढ्यात गरम टाकीही निवेल. घाई करून गरम नळाखाली हात भाजून घेणारे मी पाहिलेत.

जार उतरवा. थंड आणि साधा हे दोनच नळ सोडून टाकी रिकामी करा. गरम नळ उघडू नका, मागचं बूचही आत्ता काढू नका. गरम टाकी भरलेली राहिली की तुमचं द्रावण तिच्यात फारसं उतरत नाही. तळाशी नळाच्या पातळीखाली पाणी उरतं, ते स्वच्छ स्पंजने टिपून घ्या.

वरचं नरसाळं, ज्यावर जारचं तोंड बसतं तो खुंटा आणि रबरी कडं काढा. मग चकती. ती बहुधा हलकीशी फिरवून वर ओढली की निघते, काहींना मध्ये नळी जोडलेली असते, तिच्यावर जोर करू नका. सगळं भांडी घासायच्या साबणाच्या चार थेंबांनी आणि मऊ नायलॉनच्या ब्रशने घासा. टाकीच्या भिंतीवर बोट फिरवा. बोट सरकलं की थर आहे, कर्रकन आवाज आला की गेला. तारेची घासणी अजिबात नको. तिने ओरखडे पडतात, पुढच्या वेळी थर तिथेच घट्ट धरतो आणि गंजही तिथूनच सुरू होतो. साबण साध्या पाण्याने पूर्ण काढा.

द्रावणाचं पुढच्या पोस्टीत लिहितो, हात दुखला.

काकू_लोकमान्यनगर
काका छान सांगताय. माझी वेगळी अडचण आहे. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, म्हणून मी बोअरिंगचं पाणी गाळून तोच जार घरी भरते. गरम नळातून पांढरे कण येतात आणि पाणी तापताना आत टकटक आवाज होतो. ही पण बुळबुळच का?

कॉम्प्रेसर काका
काकू, नाही. तुमचा क्षार आहे. बोअरिंगचं जड पाणी तापलं की हीटरवर थर बसतो. तुम्हाला शिकंजीताईंचा उपाय लागू, फक्त गरम टाकीला. व्हिनेगरपेक्षा किराण्यात मिळणारं नींबू सत घ्या. लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे. मशीन बंद आणि निवलेलं असताना गरम टाकीत जाऊ द्या, अर्धा-पाऊण तास ठेवा, मागच्या बुचातून सोडा, भरपूर पाण्याने धुवा.

आणि इथे सगळ्यांना ठळक सांगतो. ज्या दिवशी नींबू सत किंवा व्हिनेगर, त्या दिवशी ब्लीच नाही. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बंद स्वयंपाकघरात तो छातीत भरतो. दोन्ही करायचं असेल तर आधी क्षार काढा, पुष्कळ धुवा आणि ब्लीच दुसऱ्या दिवशी.

शिकंजी
हे मला माहीत नव्हतं. तरी ब्लीचबद्दल माझं मत तेच. पोरांच्या पोटात जाणार नाही याची खात्री कशी?

कॉम्प्रेसर काका
तेच लिहायला बसलोय.

ब्लीच म्हणजे साधं सोडियम हायपोक्लोराइट. बाटलीवर ४ ते ६ टक्के लिहिलेलं हवं. सुगंधी, रंगीत, साबण मिसळलेलं घेऊ नका, तो वास टाकीतून जाता जात नाही. आणि ताजं घ्या. उन्हाळाभर मोरीत पडलेल्या बाटलीत दम राहत नाही.

चार लिटर साध्या, गार पाण्यात १५ मिलि, म्हणजे एक मोठा चमचा. गरम पाण्यात नको, क्लोरीन लवकर उडून जातं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने जारच्या कूलरसाठी दिलेलं प्रमाणही जवळपास हेच, गॅलनला एक टेबलस्पून. टाकीत ठेवायचं दोन ते पाच मिनिटं. त्याहून जास्त नाही. स्टील आहे म्हणून निर्धास्त राहू नका, क्लोरीनने स्टीललाही बारीक खड्डे पडतात.

चकती, खुंटा, कडं बादलीत त्याच द्रावणात बुडवा. टाकी वरपर्यंत भरा. पाण्याच्या पातळीच्या वर राहणारा काठ द्रावणात भिजवलेल्या फडक्याने पुसा. थंड आणि साधा नळ थोडा सोडा, क्लोरीनचा वास येईपर्यंत. मग बंद. म्हणजे नळीतही द्रावण पोचलं. एका वाटीत द्रावण घेऊन नळाचं तोंड खालून बुडवून धरा, कारण तिथे पोरांचे हात आणि बाटल्या लागतात. पाच मिनिटं झाली की सगळं सोडा.

मग धुणं. टाकी भरा, नळांतून रिकामी करा, पुन्हा भरा. तीन-चार वेळा तरी. आता मागचं बूच उघडून गरम टाकीचंही जुनं पाणी जाऊ द्या आणि तीही धुवा. शिकंजीताई, खात्री नाकानेच करायची. पेल्यात वास आला तर अजून एकदा धुवा. शेवटी किंचित राहिलंच तर ते नर्मदेच्या नळातून येतं त्याहून फार वेगळं नसतं, ते पाणीही क्लोरीन घालूनच येतं.

जार लावल्यावर गरम नळातून धार येईपर्यंत पाणी सोडा आणि त्यानंतरच प्लग लावा. कोरडा हीटर चालू झाला तर जळतो.

खडूस
पाच मिनिटांवर माझा आक्षेप आहे. आमच्या सोसायटीत रात्रभर ठेवतात. पाच मिनिटांत काय मरणार?

विजयनगरचा वायरमन
खडूसभाऊ, आमच्या जुन्या कंपनीत असंच रात्रभर ठेवायचे, तेही अंदाजाने अर्धी बाटली ओतून. दोनेक वर्षांत टाकीच्या जोडावर तपकिरी ठिपके, मग पाण्याला लोखंडी चव. टाकी उघडून पाहिली तर जोडाजवळ टाचणीच्या टोकाएवढी भोकं. मशीन भंगारात.

खडूस
जोडाचं स्टील मुळात हलकं असेल.

विजयनगरचा वायरमन
असेलही. पण हलकं असेल तर पाच मिनिटंच बरी ना?

निवृत्त_हेडमास्तर
आमच्या शाळेत मोठा स्टीलचा कूलर होता, नळाच्या लाइनला जोडलेला, आत तरंगता गोळा असलेला. तिथे चकती नाही, पण घाण त्या गोळ्याच्या खालच्या बाजूला आणि झाकणाच्या आतल्या अंगाला धरायची. सुट्टीत तसाच भरलेला राहिला की जूनमध्ये उघडताना मास्तरांची पळापळ. मग आम्ही परीक्षा संपली की रिकामा करून, पुसून, झाकणाखाली काडी लावून उघडा ठेवायला लागलो. कोरड्यात काही वाढत नाही.

मृण्मयी
मला एक कळत नाही. जारचं पाणी आरओचं, स्वच्छ. टाकी बंद. मग ही घाण येते कुठून?

कॉम्प्रेसर काका
मृण्मयीताई, टाकी बंद नसतेच. पेला भरला की जारमध्ये बुडबुडे गुडगुडत वर जातात ना, ती बाहेरची हवा आत गेली. तिच्याबरोबर धूळ आणि जंतू. शिवाय जारचं तोंड पोऱ्याच्या हाताला, टेम्पोच्या फळीला लागलेलं असतं आणि तेच तोंड आपण टाकीत उलटं बुडवतो. नळाच्या पाण्यात उरलेलं क्लोरीन जंतूंना दाबून ठेवतं. आरओच्या पाण्यात ते नसतं. म्हणजे पाणी जितकं 'शुद्ध', तितकं टाकीत राखणीला कुणी नाही. गार पाण्यात वाढ मंदावते, थांबत नाही.

सराफ्यातला उंदीर
म्हणजे आरओचं पाणी हे चौकीदार सुट्टीवर असलेलं गोदाम आहे.

अभ्यासिकावाला
रविवारी अभ्यासिका बंद ठेवून बसलो. मंडळी, जेवणाआधी वाचू नका.

वरून टाकी स्वच्छ होती. चकती फिरवून उचलली तर खालच्या अंगाला राखाडी-तपकिरी, जेलीसारखा थर. बोटाने ढकलला तर सायीसारखा गोळा होऊन आला. थंड नळाच्या भोकाभोवती तसंच. रबरी कड्याच्या खाचेत काळी रेघ. खुंट्यावर, जिथे जारचं तोंड टेकतं तिथे, हिरवट. पेल्यातला तंतू कुठून सुटला ते कळलं.

काकांच्या क्रमाने घासलं, मग द्रावण, मग धुतलं. आता थंड पाणी कोमट करून हुंगलं तरी वास नाही. तीच मुलगी आज दोनदा बाटली भरून घेऊन गेली.

पण साध्या नळाला अजून किंचित वास आहे. आणि तोही सकाळच्या पहिल्या पेल्यालाच. नंतर नसतो.

शिकंजी
सायीसारखा?! आता मी ऑफिसात चकती उचलल्याशिवाय चहासुद्धा करणार नाही.

कॉम्प्रेसर काका
हिरवट म्हणजे उजेड पोचतो. मशीन खिडकीपासून हलवा किंवा जारला कापडी टोपी शिवून घ्या. बाकीचं हवेतल्या-हातातल्या जंतूंचं.

सकाळचा पहिला पेला म्हणजे रात्रभर नळात आणि त्याच्या मागच्या नळीत साचून राहिलेलं पाणी. टाकी ठीक आहे. उजळणीला एक करा: नळाचं तोंड द्रावणाच्या फडक्याने आत-बाहेर पुसा, धुवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हुंगा. गेला तर तोंडच होतं. नाही गेला तर नळ खोला.

तुमची पोरं बाटली भरताना तिचं तोंड नळाला टेकवतात का?

अभ्यासिकावाला
टेकवतात कसली, काही जण नळ बाटलीत खुपसतात. तोंड लावून प्यायलेलीच बाटली. नळ पुसून वास गेला नाही. आज नळ खोलतो.

पुण्याहून_आलेला
यासाठी आमच्या पुण्यात पाटी लावतात. 'बाटली नळाला टेकवू नये. आपली उष्टी बाटली इतरांना प्यायची नाही.' चालते हो.

सराफ्यातला उंदीर
इंदुरात पाटी लावली तर पोरं तिच्यासमोर सेल्फी काढतील. त्यापेक्षा नळाखाली पोहे ठेवा, कुणी बाटली टेकवायला थांबणारच नाही.

अभ्यासिकावाला
नळ खोलला. आतला पांढरा झडपेचा तुकडा ठीक होता, पण नळ आणि टाकी जोडणारी बोटभर लांबीची सिलिकॉनची नळी आतून गुलाबी झालेली. ब्रश आत जात नाही. द्रावण भरून ठेवलं, रंग फिका झाला पण पूर्ण गेला नाही.

कॉम्प्रेसर काका
गुलाबी हे बाथरूमच्या फरशीवर धरतं ना, बहुधा त्याच जातीतलं. हवेतून येतं, ओल मिळाली की धरतं. त्या नळीशी झुंजू नका, बदला. जुना तुकडा हातात घेऊन सियागंजात जा आणि खाण्यापिण्यासाठीचीच सिलिकॉन नळी त्या मापाची कापून मागा. बागेची प्लास्टिक नळी कुणी स्वस्तात दिली तर घेऊ नका, पाण्याला प्लास्टिकची चव येईल आणि तुम्ही पुन्हा इथे धागा काढाल.

देवासनाका
आता मी पण योग्य विषयावर बोलतो. आमच्याकडे वीज वाचवायला रात्री डिस्पेन्सर बंद करतो. त्याने घाण जास्त होते का?

कॉम्प्रेसर काका
माझ्या मते होते. मे महिन्यात रात्री बंद केलं तर सकाळपर्यंत टाकीतलं पाणी कोमट होतं आणि जंतूंना तेच हवं असतं. मी गरमचं बटण बंद करतो, थंडचं नाही.

खडूस
मी पाच वर्षं रात्री बंद करतोय, काही झालं नाही.

विजयनगरचा वायरमन
चकती उचलून पाहिली का कधी?

खडूस
मशीन खालून जार लावायचं आहे. चकती आहे की नाही माहीत नाही.

कॉम्प्रेसर काका
खालून पंपाने ओढणाऱ्यात आतली टाकी बंद असते, वरून हात जात नाही. तिथे माझी ही कृती जशीच्या तशी लागू होत नाही. तुमच्या मशीनच्या पुस्तिकेतलं पान बघा, आणि त्यात जारमध्ये बुडणारी नळी घासायला विसरू नका, ती सगळ्यांत आधी बुळबुळते. रात्री बंद करण्याबद्दल तुमचं-माझं जुळणार नाही, राहू द्या.

काकू_लोकमान्यनगर
काका, नींबू सताने पांढरा गाळ निघाला. टकटक पुष्कळ कमी झाली. बूच उघडताना बादली लहान पडली आणि स्वयंपाकघरात पोहायला आलं, पण ते असो. पुन्हा कधी करायचं?

कॉम्प्रेसर काका
टकटक परत ऐकू आली की. बोअरिंगच्या पाण्याला तारीख सांगण्यात अर्थ नाही.

मृण्मयी
आणि बुळबुळीचं? पुस्तिकेत दर तीन महिन्यांनी लिहिलंय.

निवृत्त_हेडमास्तर
घरी चार माणसं असतील तर ते ठीक असावं. अभ्यासिकेत मे महिन्यात रोज कितीतरी जार उपसले जातात, तितकी हवा आत जाते, तितके हात लागतात. मी तरी उन्हाळ्यात महिन्याला म्हणेन.

कॉम्प्रेसर काका
मास्तर, माझं थोडं वेगळं. जास्त जार उपसले जातात म्हणजे पाणी साचून राहत नाही, हेही आहे. मी दर पंधरवड्याला जार बदलताना चकती वर काढून तिच्या खालच्या अंगाला बोट लावून बघायला सांगेन. सरकलं तर धुवा. नाही तर ठेवा परत. फक्त हात साबणाने धुऊनच आत घाला.

अभ्यासिकावाला
नळी बदलली. सकाळचा पहिला पेलाही आता ठीक. जार बसवण्याआधी त्याचं तोंड आणि मान द्रावणाच्या फडक्याने पुसून, पाण्याने धुऊन मगच उलटा करतो.

जारवाल्याचं मात्र अर्धवट राहिलं. परवाचे दोन जार टॉर्च मारून पाहिले. एक स्वच्छ. दुसऱ्याच्या तळाच्या खाचांत पुसटसं, बोटाला न लागणारं काहीतरी कडं दिसतं. वास मात्र दोन्हींना नाही. त्याला दाखवलं तर म्हणाला, "प्लास्टिक पुराना है भिया, दाग है."

खडूस
दाग असेल तर जारमध्ये थोडं द्रावण घालून हलवल्यावर जाणार नाही. गेला तर दाग नव्हता.

विजयनगरचा वायरमन
आणि त्याच जारचं पाणी झाकलेल्या पेल्यात दोन दिवस टेबलावर ठेवा, शेजारी स्वच्छ जारचं ठेवा. बुडाला आकडे लिहून.

अभ्यासिकावाला
जार हलवून पाहिला. कडं अर्धं गेलं, अर्धं राहिलं. आता म्हणजे काय समजायचं?

कॉम्प्रेसर काका
अर्धं घाण होतं, अर्धा जार जुना आहे. तो जार परत द्या, बदलून मागा. पेले टेबलावर ठेवलेच असतील तर परवा हुंगून लिहा.